मांजर बोललं ते पुस्तकात आलंच नाही

लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट आपल्याकडे जशी सांगितली जाते तिच्यात मांजर नसतं. लांडगा आजीच्या घरी आधी पोचतो, आजीला गिळतो, तिचे कपडे चढवून पांघरुणात शिरतो. मग मुलगी येते, आजी तुझे कान एवढे मोठे का, डोळे एवढे मोठे का, दात एवढे मोठे का असं विचारत बसते, आणि शेवटी एकदाचा तो शिकारी उगवतो. फ्रान्सच्या मधोमध निव्हर्ने नावाचा भाग आहे. तिथले शेतकरी हीच गोष्ट सांगायचे तेव्हा आजीच्या घरात एक छोटं मांजर असायचं, आणि अख्ख्या गोष्टीतलं सगळ्यात भयंकर वाक्य त्याच्या तोंडी असायचं.

1885 च्या सुमारास अशील मिलिएं नावाच्या कवीनं ती गोष्ट तिथल्या खेड्यात ऐकून उतरवून घेतली. गाणी आणि गोष्टी गोळा करत तो गावोगाव फिरायचा. पुढे विसाव्या शतकात पॉल दलारू या अभ्यासकानं ती छापली, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला तिचा पत्ता लागला. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मजकूर दीड पानाचाही नव्हता, पण वाचून झाल्यावर लगेच पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

गोष्ट अशी. एका बाईनं पाव भाजले. ती मुलीला म्हणाली, हा गरम पाव आणि ही दुधाची बाटली आजीला देऊन ये. मुलगी निघाली. दोन वाटा फुटतात तिथे तिला बझू भेटला. बझू म्हणजे अर्धा माणूस, अर्धा लांडगा. तो विचारतो, "कुठं निघालीस?"

"आजीकडे. गरम पाव आणि दूध द्यायला."

"कुठल्या वाटेनं जाणार? सुयांच्या की टाचण्यांच्या?"

"सुयांच्या."

"बरं, मग मी टाचण्यांच्या वाटेनं जातो."

मुलगी सुया वेचत रमली. बझू आजीच्या घरी पोचला, त्यानं तिला मारलं, थोडं मांस फडताळात ठेवलं आणि रक्ताची बाटली फळीवर. मुलीनं दार ठोठावलं. आत आल्यावर तो म्हणाला, "फडताळात मांस आहे ते घे, आणि फळीवर वाइनची बाटली आहे." ती खाऊ लागली. तेव्हा ते मांजर म्हणालं, "शी! ही बया आपल्याच आजीचं मांस खाते, आजीचंच रक्त पिते." मूळ फ्रेंचमध्ये मांजर मुलीला चक्क शिवी देतं. मी ती जरा सौम्य केली आहे. मऊ करण्याचा मोह कुणालाच सुटत नाही.

पुढे बझू तिला झोपायला बोलावतो. ती विचारते, एप्रन कुठे ठेवू? तो म्हणतो, आगीत टाक पोरी, आता तुला त्याची गरज नाही. एकेक वस्तूचं नाव घेऊन ती तेच विचारत जाते आणि दर वेळी तेच उत्तर येतं. मग ते ओळखीचे प्रश्न सुरू होतात. इथे ती पहिल्यांदा विचारते ते आजीच्या अंगावरच्या केसांबद्दल. किती केसाळ आहेस गं आजी! ऊब राहते म्हणून. मग नखं, खांदे, कान. नाकपुड्या एवढ्या मोठ्या का, तर तपकीर ओढायला. सगळ्यात शेवटी तोंड. तोंड मोठं कशाला, तर तुला खायला.

ज्या ओळीवर आपली गोष्ट फस्त होते त्या ओळीवर ही संपत नाही. मुलगी म्हणते, "आजी, मला बाहेर जाऊन यायचंय." बझू म्हणतो, "इथंच कर." ती म्हणते, "नाही, बाहेरच जायचंय." तो म्हणतो, "बरं, पण लवकर ये," आणि तिच्या पायाला लोकरीचा धागा बांधून सोडतो. अंगणात आल्यावर ती धाग्याचं टोक आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि पळत सुटते. आत बझू वैतागतो. "काय गं, दोर वळत बसलीस की काय?" उत्तर येत नाही. तो उडी मारून बाहेर येतो, तिच्या मागे धावतो, आणि तिच्या घराशी पोचतो तेव्हा ती नुकतीच आत शिरलेली असते. संपलं.

शिकारी नाही, पोटात दगड नाहीत, लाल टोपीसुद्धा नाही. आईनं कसली ताकीद दिलेली नाही, त्यामुळे मुलीनं ती मोडलेलीही नाही. काही गावांतल्या गोष्टीत धावती मुलगी नदीवर येते, धुणं धुणाऱ्या बायका चादर ताणून धरतात आणि ती त्यावरून पलीकडे जाते. मागून आलेला लांडगा तसाच चादरीवर चढला की त्या ती सोडून देतात. मला हा तुकडा फार आवडतो. वाचवणाऱ्या आहेत, पण हातातलं काम न सोडता वाचवणाऱ्या.

सुया आणि टाचण्यांचं काय, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. वाट सुयांची असते म्हणजे काय? पुष्कळ अभ्यासकांनी हा तपशील निरर्थक बडबड म्हणून सोडून दिला होता. इव्हॉन व्हेर्दिए या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो गावातल्या बायकांच्या आयुष्याशी लावून पाहिला. त्या भागात वयात येणाऱ्या मुलीला एक हिवाळा शिवणकाम करणाऱ्या बाईकडे पाठवत. तिथे ती सुईदोरा शिके, पण त्याहून जास्त नीटनेटकं राहायला, चारचौघांत वावरायला शिके. टाचणी ही कुमारिकेची वस्तू होती. मुलगे मुलींना टाचण्या भेट देत. नेढं असलेली, दोरा ओवायची सुई मात्र पुढच्या वयाची. म्हणजे लांडगा रस्ता विचारत नाहीये, तो वय विचारतोय, आणि ऐकणाऱ्या प्रत्येक बाईला ते कळत होतं.

ते भयानक जेवणही व्हेर्दिए याच ओळीत बसवतात. घरात नवी बाई तयार होते तेव्हा जुनी बाजूला होते, नात आजीची जागा घेते, आणि गोष्ट ते इतक्या उघडपणे सांगते की आपल्याला सहन होत नाही. हे मला अर्धं पटतं. उरलेल्या अर्ध्यात मला वाटतं की हिवाळ्याच्या रात्री चुलीभोवती जमलेल्या लोकांना किळस आणि हसू या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या होत्या, आणि "दोर वळत बसलीस की काय" या वाक्यावर खेड्यातली माणसं खदाखदा हसली असणार. गोष्ट सगळ्यांसाठी होती. मुलं ऐकायची, पण खास मुलांसाठी म्हणून ती कुणी सांगत नव्हतं.

आता एक आडवा प्रश्न. ही गोष्ट उतरवली गेली 1885 मध्ये. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकानं पॅरिसमध्ये आपली 'लाल टोपी' छापली ती 1697 मध्ये. मग जवळपास दोनशे वर्षांनी कागदावर आलेल्या गोष्टीला जुनी कसं म्हणायचं? शेतकऱ्यांनी पेरोची गोष्ट ऐकून त्यात घाण मिसळली नसेल कशावरून? शंका रास्त आहे, आणि "मूळ काळी आवृत्ती" असं छातीठोक लिहिणारे तिच्याकडे सहसा काणाडोळा करतात.

उत्तर तुलनेतून मिळतं. दलारूनं फ्रेंच बोलीतली पस्तीस रूपं शेजारीशेजारी ठेवली. त्यातल्या वीसेक गोष्टींत पेरोचा मागमूस नाही. लाल टोपी नाही, लोण्याचं भांडं नाही. उलट आजीचं जेवण आहे, दोन वाटा आहेत, बाहेर जायचं निमित्त आहे. उत्तर इटलीतल्या आणि आल्प्सच्या डोंगरातल्या गोष्टींतही ते जेवण येतं. पॅरिसचं पुस्तक वाचून इतक्या ठिकाणच्या माणसांनी तीच भर घातली असेल, यापेक्षा पेरोनंच ते काढून टाकलं हे जास्त संभवतं. त्याहून लांब, चीन आणि तैवानमध्ये वाघीण आजी बनून येते, रात्री अंथरुणात काहीतरी कुडुमकुडुम चावत असते, आणि मुलगी बाहेर जायचंय असं सांगून दोर झाडाला बांधून सुटते. या दोन टोकांचं नातं नेमकं काय यावर वाद आहेत. जेमी तेहरानी या मानववंशशास्त्रज्ञानं 2013 मध्ये जगभरातल्या 58 रूपांची, प्राण्यांच्या जाती-पोटजातींची वंशावळ लावतात त्या गणिती पद्धतीनं, वंशावळ लावली. त्याचं म्हणणं पडलं की पूर्व आशियातली गोष्ट लाल टोपी आणि 'लांडगा आणि सात करडं' या दोन वेगळ्या घराण्यांच्या मिश्रणातून आली असावी.

आणखी मागे, अकराव्या शतकात, लिएझ गावच्या एग्बर्ट नावाच्या शिक्षकानं लॅटिन शिकणाऱ्या मुलांसाठी पद्यं रचली. त्यात पाच वर्षांच्या एका मुलीला लांडगा पळवून पिल्लांपुढे टाकतो. तिच्या अंगात बारशाला धर्मपित्यानं दिलेला लाल अंगरखा आहे. पिल्लं तिला फाडत नाहीत, डोकं चाटायला लागतात, आणि ती त्यांना दटावते की माझा अंगरखा फाडू नका. हीच आपल्या गोष्टीची पणजी, असं मी म्हणणार नाही. तिथे आजी नाही आणि वेशांतरही नाही. पण लाल कपड्यातली मुलगी, लांडगा, आणि मुलगी जिवंत, एवढं मात्र तिथे आहे.

म्हणजे पेरोच्या आधीच्या आणि बाहेरच्या गोष्टींत मुलगी कित्येकदा वाचते. पेरोनं तिला वाचूच दिलं नाही.

हे मला नीट उमगायला वेळ लागला, कारण आपली समजूत उलटी असते. लोककथा रानटी, मग लेखक येतो आणि ती सभ्य करतो. पेरो सभ्य होताच. चौदाव्या लुईच्या दरबारी नोकरी केलेला, फ्रेंच अकादमीचा सदस्य, सत्तरीला टेकलेला माणूस. पुस्तक त्यानं मुलाच्या नावानं छापलं आणि राजाच्या पुतणीला अर्पण केलं. दरबारातल्या बायकांसमोर मांस आणि रक्त वाढणं शक्य नव्हतं, मांजराची शिवी तर नाहीच, आणि "मला बाहेर जायचंय" हेही नाही. हे सगळं गाळून झाल्यावर त्याच्या हातात काय उरलं ते बघा. मुलगी ज्या युक्तीनं सुटते ती युक्तीच शौचाची होती. ती सभ्यपणासाठी कापली की सुटायचं दारच बंद होतं. मग ती अंथरुणात शिरते, कान-डोळे-दात विचारते, आणि लांडगा तिला खाऊन टाकतो. पेरोची गोष्ट तिथेच संपते. आजीही मेली, नातही मेली.

त्यानं हे नाइलाजानं केलं असंही नाही. त्याला तो शेवट हवा होता. गोष्टीखाली त्यानं कवितेत तात्पर्य जोडलं: देखण्या, नीट वाढवलेल्या तरुण मुलींनी वाटेल त्याचं ऐकू नये. लांडगे सगळे एकसारखे नसतात. काही गोडबोले, मवाळ, मुलींच्या मागे मागे घरात, थेट निजण्याच्या खोलीपर्यंत येणारे असतात, आणि सगळ्यात धोक्याचे तेच. म्हणजे लांडगा हा सालाँमध्ये, उच्चभ्रू घरांतल्या बैठकींत, येणारा रसिक पुरुष झाला आणि मुलगी झाली भोळी बळी. त्यासाठी तिला बिनडोक करणं भाग होतं. पेरो लिहितो की लांडग्याशी बोलायला थांबणं धोक्याचं असतं हे त्या बिचारीला ठाऊकच नव्हतं. वाटेत ती फुलपाखरांमागे धावते, फुलं वेचते. सुया गेल्या, फुलं आली. लाल टोपीही तेव्हाच डोक्यावर चढली.

1695 च्या एका हस्तलिखितात, म्हणजे छापील पुस्तकाच्या दोन वर्षं आधी, "तुला खायला" या वाक्याशेजारी समासात सूचना आहे: हे शब्द मोठ्यानं म्हणावेत, लांडगा खरंच खाणार असं वाटून मूल घाबरलं पाहिजे. दरबारी लेखकाच्या वहीत ही सूचना वाचून मला पेरोबद्दल थोडी माया वाटते. गोष्ट तोंडानं सांगायची असते हे तो विसरला नव्हता.

पुढचा फेरफार आपल्या घरात आला तो. 1812 मध्ये जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहाच्या पहिल्या खंडात ही गोष्ट सव्विसाव्या क्रमांकावर आहे. ती त्यांना कुणा म्हाताऱ्या शेतकरणीनं सांगितली नाही. कासेल शहरातल्या हासेनफ्लुग घराण्यातल्या शिकलेल्या तरुण मुलींकडून ती आली. त्या घराचे आईकडचे पूर्वज धर्मछळामुळे फ्रान्समधून आलेले होते आणि घरात फ्रेंच बोललं जाई. पेरोची मुलगी सरहद्द ओलांडून जर्मन झाली ती अशी. म्हणून ग्रिमच्या गोष्टीतही मांसाचं जेवण नाही, धागा नाही, झाड नाही.

पण पोरीला मारून मुलांना झोपवायचं कसं? मग शेवट उसना आणला. सात करडांच्या गोष्टीत लांडग्याचं पोट कात्रीनं कापतात, करडं जिवंत बाहेर येतात आणि पोटात दगड भरतात. तेच इथे जोडलं. शिकारी मात्र तिथला नाही. 1800 मध्ये लुडविश टीक या लेखकानं या गोष्टीवर नाटक लिहिलं होतं, त्यात शिकारी लांडग्याला गोळी घालतो, पण मुलगी तोवर मेलेली असते. ग्रिमकडे शिकारी बंदूक बाजूला ठेवून कात्री घेतो. गंमत म्हणजे त्याला घाईच नाही. म्हातारी एवढी घोरते कशी, म्हणून तो सहज आत डोकावतो.

शेवट बदलला म्हणून सुरुवातही बदलावी लागली. ग्रिमच्या आईनं मुलीला निघताना बजावलेलं आहे: वाट सोडू नकोस, बाटली फोडू नकोस. पेरोकडे ही ताकीद नव्हती. ती आल्याबरोबर गोष्टीचा विषयच फिरला. आता प्रश्न लांडग्याचा राहिला नाही, ऐकण्याचा झाला. सुटका झाल्यावर मुलगी मनाशी म्हणते की आईनं नको म्हटलेलं असताना पुन्हा कधी वाट सोडून रानात शिरणार नाही. 1819 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ग्रिम बंधूंनी, मुलांना न शोभणारं सगळं काळजीपूर्वक काढलं आहे, असं सांगून ठेवलं. 1825 मध्ये पन्नास गोष्टींची छोटी, सचित्र आवृत्ती निघाली. मध्यमवर्गीय घरांत शिरलेलं ग्रिम हेच.

तिथून पुढची उतरण तुम्हीही पाहिली असेल. आजीला गिळायचं नको म्हणून तिला कपाटात कोंडतात. मग लांडग्याला मारायचंही नको म्हणून तो पळून जातो. 1990 च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या दोन ठिकाणच्या शाळांनी या गोष्टीचं एक चित्रमय पुस्तक बाजूला काढलं, कारण टोपलीत आजीसाठी वाइनची बाटली होती. आजी गिळली जाते याबद्दल तक्रार नव्हती. निव्हर्नेचं मांजर हे ऐकायला हवं होतं.

या सगळ्यात रक्त कमी झालं, याचं मला फारसं दुःख नाही. चार वर्षांच्या मुलाला आजीचं मांस वाढण्याचा आग्रह मी धरणार नाही. मला खटकतं ते हे की रक्ताबरोबर डोकंही गेलं. शेतकऱ्यांच्या गोष्टीतली मुलगी भीषण काही करून बसते, पण लांडग्याच्या बिछान्यात असतानाच तिला कळतं की आपण कुठे आहोत, आणि ती आवाजही न बदलता म्हणते, मला बाहेर जायचंय. पेरोनं ती अक्कल तिच्याकडून काढली आणि कुणालाच दिली नाही. ग्रिमनी ती शिकाऱ्याला दिली. एरिक फ्रॉमसारख्या मानसशास्त्रज्ञांनी पुढे लाल टोपी आणि न फोडायच्या बाटलीतून कौमार्याचे मोठमोठे अर्थ काढले. इतिहासकार रॉबर्ट डार्न्टननं 1984 मध्ये त्यावर कोपरखळी मारली की शेतकऱ्यांच्या गोष्टीत ना ती टोपी होती ना ती ताकीद.

आपल्याला ही हुशारी अनोळखी नाही. लेकीकडे निघालेली आपली म्हातारी वाघाला म्हणते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. परतताना ती भोपळ्यात बसते, आणि वाघानं विचारलं तर "म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक" म्हणत टुणूक टुणूक निघून जाते. वाघाला मारायला तिथे कुणी येत नाही आणि मुलांना कुणी यावं असं वाटतही नाही. माझ्या भाच्या दोन्ही गोष्टी ऐकून आहेत. लाल टोपीच्या वेळी त्या नेमक्या शिकाऱ्यापाशी अडतात. पोटात श्वास कसा घेतला? आजी आणि ती एकाच पोटात मावल्या कशा? भोपळ्यात हवा कुठून आली, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांना मी हल्ली ग्रिमचीच गोष्ट सांगते, पण पूर्ण. पुष्कळ पुस्तकं शिकाऱ्याबरोबर संपतात. ग्रिमच्या पानावर मात्र त्याखाली आणखी एक परिच्छेद आहे, 1812 पासून आहे, आणि चित्रांच्या पुस्तकांत तो सहसा गळतो. त्यात मुलगी पुन्हा एकदा आजीकडे निघते आणि दुसरा एक लांडगा तिला गाठून गोड बोलू लागतो. ती थांबत नाही. सरळ आजीकडे जाते आणि सांगते, वाटेत लांडगा होता, नजर चांगली नव्हती त्याची. दोघी दार लावून घेतात. लांडगा दार वाजवतो, मी लाल टोपी आहे म्हणतो. दोघी गप्प. मग तो छपरावर चढून बसतो, संध्याकाळी पोरगी घरी निघेल तेव्हा अंधारात तिला धरू म्हणून. आजी ओळखते. घरापुढे दगडाचं मोठं कुंड असतं. आजी म्हणते, काल मी सॉसेज उकडले होते, ते पाणी बादलीनं आणून या कुंडात ओत. मुलगी ओतत राहते, कुंड काठोकाठ भरतं. वास वर जातो. लांडगा हुंगतो, मान लांब करतो, आणखी लांब करतो, पाय निसटतो आणि तो घसरत थेट कुंडात पडून बुडतो.

धाकटीला वाटतं लांडगा आधीच खाली उतरून कुंडातलं पाणी प्यायला हवा होता. थोरली म्हणते, दोघी दारामागे कान देऊन उभ्या होत्या, त्याला उतरताना त्यांनी ऐकलं असतं.